हीप सॉर्ट: सर्वांत मोठा आकडा पुन्हा पुन्हा वर येतो कसा?

हीप सॉर्ट ही आकडे क्रमाने लावायची एक पद्धत. ती शिकवताना दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात, आणि विद्यार्थी अडकतात त्या जागाही ठरलेल्या असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मधे आठ आकड्यांचं एक उदाहरण आहे. ते नुसतं वाचून सोडू नका, कागदावर झाड काढून पेन्सिलीने खोडत खोडत करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

सर्वांत मोठा आकडा तर एका फेरीत सापडतो. मग हीपची भानगड कशाला?

पहिला सापडतो, हे खरंच. १० लाख आकडे असतील तर ९,९९,९९९ तुलना करून सर्वांत मोठा हाती येतो आणि त्याहून कमी तुलनांत तो येऊच शकत नाही. अडचण दुसऱ्या क्रमांकाची आहे. सिलेक्शन सॉर्ट दुसऱ्या क्रमांकासाठी उरलेल्या सगळ्यांची फेरी पुन्हा पहिल्यापासून करतो, तिसऱ्यासाठी पुन्हा, चौथ्यासाठी पुन्हा. पहिल्या फेरीत जे काही कळलं होतं ते सगळं विसरून. असं करत गेलं तर १० लाख आकड्यांना सुमारे ५० हजार कोटी तुलना लागतात.

आठ खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. सात सामन्यांत विजेता ठरला. आता खरा दुसरा कोण? अंतिम सामन्यात हरलेलाच असं नाही. विजेत्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडून बाहेर गेलेलाही असू शकतो. पण दुसरा येणारा फक्त विजेत्याकडूनच हरलेला असणार, आणि विजेत्याने तिघांनाच हरवलंय. म्हणजे त्या तिघांत आणखी दोन सामने खेळवले की निकाल लागला. बाकीच्या चौघांना पुन्हा मैदानात बोलवायची गरज नाही.

झालेल्या तुलना वाया जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच हीपचं काम. सर्वांत मोठा काढून घेतला की पुढचा मोठा कुठे असू शकतो, हे हीपला जवळजवळ माहीत असतं. त्यामुळे १० लाख आकड्यांतून पुढचा मोठा काढायला जास्तीत जास्त चाळीसेक तुलना लागतात आणि सगळं काम साधारण ४ कोटी तुलनांच्या आत आटोपतं.

हीप म्हणजे नेमकं काय?

दोन अटी पाळणारं झाड. पहिली अट आकाराची: प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन मुलं, वरच्या सगळ्या पातळ्या पूर्ण भरलेल्या, आणि शेवटची पातळी डावीकडून भरत आलेली, मधे भोक नाही. दुसरी अट क्रमाची: कुठल्याही पालकाची किंमत त्याच्या मुलांपेक्षा कमी नाही. बस्स.

हीप काय सांगत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं आहे. दोन भावंडांमध्ये मोठं कोण, यावर हीप काही बोलत नाही. काका आणि पुतण्यामध्ये मोठं कोण, यावरही नाही. पुतण्या खुशाल काकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणूनच हीप म्हणजे क्रमाने लावलेली यादी नव्हे. सर्वांत मोठा मुळाशी, म्हणजे झाडाच्या सर्वांत वरच्या गाठीवर असतो, एवढीच खात्री. दुसरा मोठा मुळाच्या दोन मुलांपैकी एक असतो. सर्वांत लहान आकडा कुठे असेल? सगळे आकडे वेगवेगळे असतील तर कुठल्या तरी पानावर, म्हणजे मुलं नसलेल्या गाठीवर. पण कुठल्या पानावर ते शोधावंच लागतं. गाठींपैकी निम्मी पानंच असतात, त्यामुळे शोधायला बरीच जागा उरते. हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. सगळा क्रम आधीच लावून ठेवायचा असता तर हीप करणं हेच सॉर्ट करण्याइतकं महाग पडलं असतं.

पण कोडमध्ये झाड कुठेच दिसत नाही, साधा अ‍ॅरे दिसतो. झाड आहे कुठे?

इंडेक्सच्या हिशोबात. आकाराच्या अटीमुळे झाडाच्या पातळ्या वरून खाली, डावीकडून उजवीकडे ओळीने लिहिल्या तर मधे एकही रिकामी जागा राहत नाही. म्हणून झाडाला वेगळे पॉइंटर लागत नाहीत. मोजणी शून्यापासून असेल तर `i` या जागेवरच्या गाठीची मुलं `2i+1` आणि `2i+2` वर असतात आणि पालक `(i-1)/2` वर, अपूर्णांक सोडून देऊन. `2i+1` हा इंडेक्स हीपच्या बाहेर गेला की समजायचं, ही गाठ म्हणजे पान.

एक हीप हाताने करून दाखवाल का?

हे आठ आकडे घेऊ:

```
इंडेक्स:  ०   १   २   ३   ४   ५   ६   ७
आकडा:   ३५  ६२  ४८  ९१  १७  ८०  ५४  ७३
```

४ ते ७ या इंडेक्सवरची सगळी पानं आहेत. एकट्या पानाला मोडायला अटच नाही, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही. शेवटचा पालक आहे इंडेक्स ३ वर. तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे शून्यापर्यंत यायचं. प्रत्येक ठिकाणी एकच काम: तिथला आकडा त्याच्या मोठ्या मुलापेक्षा लहान असेल तर दोघांची अदलाबदल, आणि खाली गेलेल्या आकड्यासाठी हेच पुन्हा, तो योग्य जागी बसेपर्यंत. याला आपण ‘खाली सरकवणं’ म्हणू.

इंडेक्स ३ वर ९१ आहे, त्याचं एकुलतं मूल ७३. ठीक आहे, पुढे चला.

इंडेक्स २ वर ४८, मुलं ८० आणि ५४. मोठं मूल ८०. अदलाबदल. आता २ वर ८० आणि ५ वर ४८. इंडेक्स ५ हे पान, काम संपलं.

इंडेक्स १ वर ६२, मुलं ९१ आणि १७. ९१ वर, ६२ खाली इंडेक्स ३ वर. पण तिथे थांबता येत नाही, कारण आता ६२ च्या खाली ७३ आहे. पुन्हा अदलाबदल. ६२ पोचला इंडेक्स ७ वर.

इंडेक्स ० वर ३५. मुलं ९१ आणि ८०. ९१ वर गेला. ३५ इंडेक्स १ वर, तिथे मुलं ७३ आणि १७. ७३ वर गेला. ३५ इंडेक्स ३ वर, तिथे मूल ६२. तोही वर गेला. ३५ थेट तळाला, इंडेक्स ७ वर.

```
९१  ७३  ८०  ६२  १७  ४८  ५४  ३५
```

झाला हीप. मोजलंत तर ११ तुलना आणि ६ अदलाबदली भरतात. आणि बघा, इंडेक्स १ वर ७३ आहे, २ वर ८०. भावंडांत क्रम नाही, तरी हा शंभर टक्के हीप आहे.

मागून सुरुवात का? मुळापासून खाली आलो तर काय बिघडतं?

करून बघा. तेच आठ आकडे, पण इंडेक्स ० पासून खाली सरकवायला लागा. ३५ ची मुलं ६२ आणि ४८, म्हणून ६२ मुळाशी येतो. मग ३५ च्या जागी ९१ येतो इंडेक्स १ वर, आणि ३५ आणखी खाली जातो. आता इंडेक्स १ ची पाळी: तिथे ९१, सगळं ठीक. इंडेक्स २: ४८ च्या जागी ८०. इंडेक्स ३ वर ७३, त्याखाली ३५, तेही ठीक. संपलं. मुळाशी ६२ बसलाय आणि त्याच्या खाली ९१ आणि ८० दोघेही. ९१ ला मुळापर्यंत पोचायची संधीच मिळाली नाही, कारण तो वर यायच्या आत मुळाची पाळी होऊन गेली होती.

एखादा आकडा खाली सरकवून सगळं जागेवर येतं, पण त्याची एक पूर्वअट आहे: त्याच्या खालची दोन्ही झाडं आधीच हीप असली पाहिजेत. मागून आलं की ही अट आपोआप पाळली जाते.

वरून खाली यायचंच असेल तर वेगळी पद्धत लागते: एकेक आकडा हीपच्या शेवटी जोडायचा आणि पालकापेक्षा मोठा असेल तोवर वर चढवायचा. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीप सॉर्ट प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी हीप असाच उभा केला होता. मागून खाली सरकवत येण्याची युक्ती रॉबर्ट फ्लॉइड यांची, त्याच वर्षीची. आज जवळपास सगळीकडे फ्लॉइड यांचीच पद्धत दिसते.

हीप उभारायला n log n नाही, फक्त n एवढंच काम लागतं म्हणतात. हे कसं?

परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक जण ‘n गाठी, प्रत्येकी log n’ असं लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण सैल आहे. गाठ जितकी खाली तितकी तिला सरकायला जागा कमी, आणि बहुतेक गाठी खालीच असतात.

निम्म्या गाठी पानं आहेत, त्यांना शून्य काम. पाव गाठी पानांच्या लगेच वर आहेत, त्या जास्तीत जास्त एक पातळी सरकतील. एक अष्टमांश गाठी दोन पातळ्या, एक षोडशांश तीन. सगळ्यात लांबचा प्रवास फक्त मुळाचा, आणि ती गाठ एकच. n/4 + 2n/8 + 3n/16 + … अशी बेरीज कितीही पुढे नेली तरी n च्या वर जात नाही. आपल्या आठ आकड्यांत जास्तीत जास्त सात अदलाबदली शक्य होत्या, झाल्या सहा. विल्यम्स यांच्या पद्धतीत याच्या उलट होतं. निम्म्या गाठी शेवटी येतात आणि त्यांनाच सर्वांत लांब चढायचं असतं, म्हणून वाईटात वाईट वेळ आली तर तिथे खरोखर n log n लागतात.

आता मोठा आकडा बाहेर कसा काढायचा?

मुळाशी ९१ आहे. त्याची अंतिम जागा अ‍ॅरेच्या शेवटी, इंडेक्स ७ वर. तिथे सध्या ३५ बसलाय. दोघांची अदलाबदल करा आणि हीपचा आकार आठावरून सात करा. ९१ आता हीपचा भाग नाही. खालच्या ओळीत उभ्या रेघेच्या उजवीकडचे आकडे कायमचे बसले असं समजा.

```
३५  ७३  ८०  ६२  १७  ४८  ५४ | ९१
```

हीप मोडला, पण एकाच ठिकाणी, मुळाशी. खालची दोन्ही झाडं शाबूत आहेत. म्हणजे ३५ ला खाली सरकवलं की झालं. ७३ आणि ८० मध्ये ८० मोठा, तो वर. मग ४८ आणि ५४ मध्ये ५४ मोठा, तो वर.

```
८०  ७३  ५४  ६२  १७  ४८  ३५ | ९१
```

आणि दुसरा मोठा, ८०, मुळाशी हजर. आपण पाहिले ते चारच आकडे: ७३, ८०, ४८, ५४. झाडाची डावी बाजू उघडून बघावीच लागली नाही. ७३ तिचा प्रमुख आहे आणि तो ८० पेक्षा लहान आहे, एवढं पुरलं.

पुन्हा तेच. ८० आणि शेवटचा ३५ यांची अदलाबदल, आकार सहा, ३५ खाली:

```
७३  ६२  ५४  ३५  १७  ४८ | ८०  ९१
```

मग ७३ आणि ४८. या वेळी ४८ इंडेक्स १ वर येऊन थांबतो, कारण त्याखाली ३५ आणि १७ आहेत, दोघेही लहान:

```
६२  ४८  ५४  ३५  १७ | ७३  ८०  ९१
```

उरलेल्या चार फेऱ्या तुम्ही करा. रेघ डावीकडे सरकत जाते, तिच्या उजवीकडे चढता क्रम तयार होत जातो, आणि शेवटी १७ एकटा उरतो तो आपोआप त्याच्या जागी.

मुळाची जागा रिकामी झाल्यावर मोठ्या मुलालाच वर का घेत नाही? तळाचा बारका आकडा वर आणून पुन्हा खाली ढकलायचा, हा उलटा उद्योग वाटतो.

वाटतो खरा. आपल्याच हीपवर करून पाहू. ९१ काढला. मोठं मूल ८० वर आलं, त्याच्या जागी ५४ आलं, आणि रिकामी जागा उरली इंडेक्स ६ वर. पण ३५ अजून इंडेक्स ७ वर बसलाय. म्हणजे अ‍ॅरेच्या मधे भोक पडलं, आणि ९१ ला जी जागा हवी ती रिकामी झालीच नाही. आकाराची अट मोडली की `2i+1` चा हिशोबही कोसळतो. शेवटचा आकडा वर आणला की रिकामी होणारी जागा नेमकी शेवटचीच असते, आणि काढलेल्या मोठ्या आकड्याला तीच जागा हवी असते.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे आणि ते पुढे वेगाच्या प्रश्नात कामाला येईल.

चढता क्रम हवा असताना सर्वांत मोठा मुळाशी ठेवणारा हीप का घ्यायचा?

कारण काढलेला आकडा मागच्या टोकाला जाऊन बसतो. मोठे आधी काढले की मागून पुढे मोठ्याकडून लहानाकडे भरत येतं, म्हणजेच पुढून वाचलं तर चढता क्रम. उतरता क्रम हवा असेल तर लहान मुळाशी ठेवा.

कोड?

पायथनमध्ये असा:

```python
def sift_down(a, i, size):
    while True:
        c = 2 * i + 1
        if c >= size:
            return
        if c + 1 < size and a[c + 1] > a[c]:
            c += 1
        if a[i] >= a[c]:
            return
        a[i], a[c] = a[c], a[i]
        i = c

def heap_sort(a):
    n = len(a)
    for i in range(n // 2 - 1, -1, -1):
        sift_down(a, i, n)
    for end in range(n - 1, 0, -1):
        a[0], a[end] = a[end], a[0]
        sift_down(a, 0, end)
```

पहिला `for` हीप उभारतो, दुसरा एकेक मोठा काढतो. वेगळा अ‍ॅरे कुठेच लागत नाही.

माझा कोड चालतो, पण उत्तर अधूनमधून चुकतं. काय तपासू?

दोन चुका मी इतक्या वेळा पाहिल्यात (आणि पहिली स्वतः केलीय) की त्या सविस्तर सांगतो.

पहिली: काढण्याच्या फेऱ्यांत `end` च्या जागी `n` देणं. म्हणजे हीप लहान होतोय हे `sift_down` ला सांगायचंच राहून जातं. ही चूक लबाड आहे. आपल्या उदाहरणात पहिली फेरी बरोबर होते: ३५ उजवीकडून खाली जातो आणि इंडेक्स ६ वर थांबतो, ९१ च्या वाटेलाच जात नाही. बिघडतं दुसऱ्या फेरीत. ३५ डावीकडून उतरतो, इंडेक्स ३ वर येतो, आणि तिथे त्याला इंडेक्स ७ वरचं ‘मूल’ दिसतं: ९१. तो तर केव्हाच बाहेर पडलाय, पण कोडला ते ठाऊक नाही. अदलाबदल होते, ९१ पुन्हा हीपमध्ये शिरतो आणि अ‍ॅरेच्या शेवटच्या जागी ३५ जाऊन बसतो. मी हीच चूक केली तेव्हा अर्धा दिवस मी भलत्याच फाइलमध्ये दोष शोधत बसलो होतो. लक्षण असं: निकालाच्या अगदी शेवटी बहुधा सर्वांत मोठा आकडा नसतो.

दुसरी: पुस्तकातली सूत्रं. बऱ्याच पुस्तकांत मोजणी १ पासून असते आणि मुलं `2i` व `2i+1` वर दिलेली असतात. ती तशीच शून्यापासून मोजणाऱ्या भाषेत उतरवली तर काय होतं? वरच्या कोडमध्ये फक्त `c = 2 * i` केलंत तर गंमत म्हणजे सम संख्येने आकडे दिले की उत्तर बरोबर येतं. झाड जरा विचित्र होतं, मुळाला एकच मूल उरतं, पण हीप हीपच राहतो. विषम संख्या दिली की `n // 2 - 1` पासून केलेली सुरुवात एका पालकाला गाळते. ३५, ६२, ४८, ९१, १७, ८०, ९९ हे सात आकडे देऊन पाहा: ९९ मुळापर्यंत पोचत नाही आणि शेवटच्या जागी ९१ बसतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार आली की मी आधी आकडे सम होते का विषम ते विचारतो.

दोष उभारणीत आहे की काढण्यात, हे कळायला एक ओळ पुरते:

```python
all(a[(i - 1) // 2] >= a[i] for i in range(1, size))
```

उभारणीनंतर एकदा आणि प्रत्येक फेरीनंतर, तेव्हाचा `size` घेऊन, ही चालवा. जिथे पहिल्यांदा `False` येईल तिथेच दोष आहे. मात्र वरच्या पहिल्या चुकीत हीप स्वतः ठीकच दिसू शकतो, बिघडलेला असतो रेघेच्या उजवीकडचा भाग. म्हणून तोही चढत्या क्रमात आहे का ते सोबत बघा.

हीप सॉर्ट स्थिर आहे का? म्हणजे सारख्या गुणांचे दोन विद्यार्थी मूळ क्रमातच राहतील का?

नाही. दोनच नोंदी घ्या, दोघांनाही ७०, आधी अ मग ब. हीप उभारताना काही हलत नाही. पहिल्या फेरीत मूळ आणि शेवटची जागा यांची अदलाबदल: ब, अ. संपलं. क्रम राखणं गरजेचं असेल तर मूळ क्रमांक तुलनेत सामील करा, नाहीतर मर्ज सॉर्ट घ्या.

यादी आधीच क्रमाने लावलेली असेल तर काम वाचतं का?

नाही वाचत. चढत्या क्रमातली यादी दिली की हीप सॉर्ट आधी ती मोडून मोठे आकडे पुढे आणतो आणि मग एकेक करून मागे नेतो. जवळजवळ लागलेल्या यादीसाठी इन्सर्शन सॉर्ट कितीतरी बरा. हीप सॉर्टला खरा आराम एकाच बाबतीत, सगळे आकडे सारखे असतील तेव्हा: कोणीच खाली सरकत नाही, म्हणून काम n च्या प्रमाणात होतं.

वाईटात वाईट वेळेलाही n log n ची हमी आहे, जादा मेमरी लागत नाही. मग क्विक सॉर्टच वेगवान का ठरतो?

दोन कारणं. मोठं कारण मेमरीत मारलेल्या उड्यांचं. प्रोसेसर मेमरीतून एक आकडा आणत नाही, शेजारचा अख्खा तुकडा आणतो, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटचा. चार बाइटचे सोळा पूर्णांक एका फेरीत येतात. क्विक सॉर्ट अ‍ॅरेवरून ओळीने चालतो, त्यामुळे ते सोळाच्या सोळा कामी येतात. हीपमध्ये इंडेक्स एक लाखनंतर दोन लाख, मग चार लाख, मग आठ लाख. खालच्या पातळ्यांवर प्रत्येक पायरीला नवा तुकडा मागवावा लागतो आणि त्यातले दोनच आकडे वापरून तो सोडून द्यायचा. छोट्या अ‍ॅरेला हे जाणवत नाही. अ‍ॅरे कॅशमध्ये मावेनासा झाला की जाणवायला लागतं.

दुसरं कारण म्हणजे तुमचा मघाचा ‘उलटा उद्योग’. प्रत्येक पातळीवर दोन तुलना होतात: भावंडांत मोठं कोण, आणि ते आपल्या आकड्यापेक्षा मोठं आहे का. पण वर आणलेला आकडा तळातून आलेला, म्हणजे बहुतेक लहानच. तो मधे थांबण्याची शक्यता कमी. आपल्या सात फेऱ्यांत तो पानापर्यंत न जाता थांबला तो एकदाच, ४८ च्या वेळी. मग दर पातळीला ‘थांबू का?’ विचारायचंच कशाला? फक्त मोठ्या मुलाची वाट धरून थेट पानापर्यंत उतरा, आणि तिथून आकडा योग्य जागेपर्यंत वर चढवा. चढण बहुधा एखाद्या पायरीची असते, त्यामुळे तुलना जवळपास निम्म्यावर येतात. तुलना महाग असेल, म्हणजे लांब शब्द किंवा मोठ्या नोंदी असतील, तर हा फरक चांगलाच कळतो. पायथनचं `heapq` असंच करतं.

मग प्रत्यक्षात कोणी वापरतं का, की नुसता अभ्यासक्रमातला धडा?

वापरतात, पण जिथे ‘सरासरी वेगवान’ याच्यापेक्षा ‘कधीच फार हळू नाही’ हे जास्त मोलाचं असतं तिथे. लिनक्स कर्नेलच्या `lib/sort.c` मध्ये हीप सॉर्ट आहे. कर्नेलमध्ये जादा मेमरी मागणं अवघड, आणि मुद्दाम रचलेल्या यादीने क्विक सॉर्टला n² पर्यंत नेऊन यंत्र अडवून ठेवणं कोणालाच परवडणारं नाही. २०१९ पासून तिथेही वर सांगितलेली, थेट पानापर्यंत उतरणारी पद्धत आहे.

दुसरी जागा जरा लपलेली आहे. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये इंट्रोसॉर्ट मांडला: सुरुवात क्विक सॉर्टने करायची, पण तुकडे पाडण्याची खोली 2 log₂ n च्या पुढे गेली की समजायचं, काहीतरी बिनसलंय, आणि तेवढा तुकडा हीप सॉर्टच्या हवाली करायचा. जीसीसीच्या सी++ लायब्ररीतला `std::sort` असाच लिहिलेला आहे. म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये हीप सॉर्ट बहुतेक वेळा नुसता राखीव खेळाडू म्हणून बसलेला असतो.

मला १० लाखांतले फक्त पहिले दहा हवेत. सगळं सॉर्ट करायलाच हवं का?

मुळीच नाही. हीप उभारा, दहा वेळा मुळाचा आकडा काढा आणि थांबा. उभारणीला n च्या प्रमाणात काम आणि पुढच्या दहा फेऱ्यांना मिळून चारशेच्या आसपास तुलना, म्हणजे उभारणीपुढे काहीच नाही.

आकडे एकदम हाती नसतील, एकेक करून येत असतील, तर उलटा हीप घ्या: दहाच जागांचा, सर्वांत लहान मुळाशी ठेवणारा. त्यात आतापर्यंतचे सर्वोत्तम दहा बसवायचे. मुळाशी बसलेला हा त्या दहांतला सर्वांत कच्चा. नवा आकडा आला की फक्त त्याच्याशी तुलना. लहान असेल तर सोडून द्या. मोठा असेल तर मुळाच्या जागी ठेवा आणि खाली सरकवा. आकडे कुठल्याही विशेष क्रमाने येत नसतील तर थोड्याच वेळात बहुतेक आकडे एका तुलनेतच परत जायला लागतात. पायथनमध्ये `heapq.nlargest(10, data)` हेच करतं. लक्षात असू द्या, `heapq` मध्ये आणि जावाच्या `PriorityQueue` मध्ये मुळाशी लहान आकडा असतो, तर सी++ च्या `std::priority_queue` मध्ये मोठा. एका भाषेतून दुसरीत जाताना निकाल उलटा आला तर दोष बहुधा इथेच सापडतो.

मेमरीतला हीप, जिथून `malloc` जागा देतं, तो हाच का?

नाही. नाव सारखं, एवढाच संबंध. तिथे पालक, मुलं, मुळाशी मोठा आकडा असलं काही शोधू नका.